झऱ्याच्या मालकाचं गणित

आंत्वान ओगुस्तँ कुर्नो हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. संपत्तीच्या शास्त्रात गणित वापरता येईल का, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला आणि १८३८ साली पॅरिसमध्ये त्यावर एक लहानसं पुस्तक छापलं. पुस्तक त्या काळी जवळजवळ कुणी वाचलं नाही. पण मक्तेदाराच्या हिशोबाची पहिली नीट मांडणी त्यात आहे, आणि ती सुरू होते पाण्यापासून.

कुर्नो यांनी कल्पना केली ती अशी. एका माणसाच्या जमिनीत झरा लागतो. त्याच्या पाण्यात औषधी गुण आहेत आणि तसं पाणी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. मालकाने लिटरमागे शंभर फ्रँक मागितले तरी त्याला अडवणारं कुणी नाही. पण त्या भावाला गिऱ्हाईकच येत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानात येतं. मग तो भाव उतरवत जातो, आणि जिथे सर्वांत जास्त पैसे सुटतील तिथे थांबतो.

तो कुठे थांबेल हे शोधायला अर्थशास्त्र एक रेषा वापरतं. तिचं नाव सीमांत प्राप्ती. म्हणजे विक्री एका नगाने वाढवली तर एकूण उत्पन्नात किती भर पडते, ते. कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मक्तेदारीचं प्रकरण उघडलं की ही आकृती दिसतेच. मागणीची एक सरळ तिरकी रेषा, आणि तिच्या खाली, त्याच टोकापासून निघून दुप्पट उताराने घसरणारी सीमांत प्राप्तीची दुसरी रेषा. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि विसरतात. ती खाली का असते, आणि दीडपट किंवा तिप्पट नाही तर नेमक्या दुप्पट उताराची का असते, हे फार थोड्यांना कुणी बसून सांगितलेलं असतं. खरं तर त्याला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही.

कुर्नो यांच्या झऱ्याला आपण आपले आकडे देऊ. भाव शंभर फ्रँक असेल तर दिवसाला एक थेंबही खपत नाही. त्यापुढे भाव एक फ्रँकने उतरवला की दिवसाचा खप एका लिटरने वाढतो. म्हणजे ९० फ्रँकला १० लिटर, ७० फ्रँकला ३० लिटर, ५० फ्रँकला ५० लिटर. झऱ्यातून पाणी आपोआप येतं, त्यामुळे सध्या खर्च शून्य धरू. बाटलीचा खर्च नंतर घेऊ.

मालक सध्या १० लिटर विकतोय, भाव ९० फ्रँक, रोजचं उत्पन्न ९०० फ्रँक. त्याला ११ लिटर विकायचे असतील तर भाव ८९ करावा लागेल. मग उत्पन्न होईल ११ गुणिले ८९, म्हणजे ९७९ फ्रँक. अकराव्या लिटरचे त्याच्या हातात ८९ फ्रँक पडले, पण एकूण उत्पन्न वाढलं फक्त ७९ फ्रँकने. मधले दहा फ्रँक कुठे गेले? ते गेले पहिल्या दहा लिटरांवर. ते दहा लिटर ९० फ्रँकला खपत होते, आता तेही ८९ला द्यावे लागले. दहा लिटर, प्रत्येकी एक फ्रँकचा तोटा. सीमांत प्राप्तीची रेषा मागणीच्या खाली असण्याचं सगळं कारण एवढंच आहे. नवं गिऱ्हाईक ओढण्यासाठी उतरवलेला भाव जुन्या गिऱ्हाइकांनाही लागू होतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. दहा लिटर आधी विकून झाले आणि मग अकरावा विकताना मालकाला पहिल्या दहा जणांना एकेक फ्रँक परत करावा लागला, असं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. तसं काही घडत नाही. इथे तुलना आहे ती एकाच दिवसाच्या दोन पर्यायांची. सकाळी पाटीवर ९० लिहिलं तर संध्याकाळी गल्ल्यात ९०० फ्रँक असतील, ८९ लिहिलं तर ९७९. ‘अकरावा लिटर’ म्हणजे वेळेच्या क्रमाने अकरावा नव्हे. तो फक्त या दोन दिवसांतला फरक आहे.

बाजार समितीत गव्हाची पोती आणणाऱ्या एकट्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याने एक पोतं जास्त आणलं म्हणून बाजारभाव हलत नाही. जो भाव चालू आहे तोच त्याच्या नव्या पोत्याचा आणि तोच जुन्या पोत्यांचा, त्यामुळे त्याची सीमांत प्राप्ती आणि भाव एकच असतात. झऱ्याच्या मालकाचं तसं नाही. संपूर्ण बाजार त्याचा एकट्याचा आहे, त्यामुळे त्याने पुरवठा वाढवला की भाव पडतो आणि त्या पडण्याचा फटका त्याच्या एकट्याच्याच गल्ल्याला बसतो. गव्हाच्या बाजारातही एकूण पुरवठा वाढला की भाव पडतो. फरक इतकाच, की तिथे तो फटका हजारो शेतकऱ्यांत वाटला जातो.

आता दुपटीकडे वळू. झऱ्याचा मालक ३० लिटरांवरून ३१ वर गेला तर? भाव ७०वरून ६९ झाला, उत्पन्न २१०० वरून २१३९. भर पडली ३९ फ्रँकची. एकतिसाव्या लिटरचे मिळाले ६९, आणि आधीच्या तीस लिटरांवर गेले ३०. अकराव्या लिटरच्या वेळी दोन आकडे होते ८९ आणि ७९. आता आहेत ६९ आणि ३९. भाव वीस फ्रँकने उतरला, पण सीमांत प्राप्ती चाळीसने.

या चाळीसचे दोन सरळ भाग पडतात. पहिले वीस तर भावाचेच आहेत. एकतिसावा लिटर अकराव्या लिटरपेक्षा वीस फ्रँक स्वस्त विकला गेला, म्हणून नव्या लिटरची कमाईच वीसने कमी झाली. उरलेले वीस आले जुन्या लिटरांकडून. अकराव्या लिटरच्या वेळी एका फ्रँकचा तोटा सोसणारे जुने लिटर होते दहा, आता झाले तीस. वीस लिटर वाढले म्हणून तोटा वीस फ्रँकने वाढला. प्रत्येक नव्या लिटराबरोबर या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. तो लिटर स्वतः आधीच्यापेक्षा एक फ्रँक कमी आणतो, आणि तोटा सोसणाऱ्यांच्या रांगेत एक जण वाढतो. एक अधिक एक, दोन. म्हणून उतार दुप्पट.

मागणीची रेषा सरळ असणं इथे महत्त्वाचं आहे. भाव दर लिटरला किती उतरतो, हाच आकडा दोन्ही ठिकाणी येतो. नव्या लिटरचा भाव त्याच गतीने घटतो आणि जुन्या प्रत्येक लिटरवरचा तोटाही तेवढाच असतो. रेषा सरळ असल्याने ती गती कुठेही बदलत नाही. भाव एकऐवजी तीन फ्रँकने उतरत असता, तर नवा लिटर तीन फ्रँक कमी आणता आणि रांगेत वाढणारा प्रत्येक जुना लिटर तीन फ्रँकचा तोटा देता. उतार झाला असता सहा, म्हणजे पुन्हा दुप्पटच.

दोन्ही रेषा एकाच टोकापासून का निघतात, तेही यातच आलं. अगदी पहिल्या थेंबाच्या वेळी मागे जुने लिटर नसतातच, त्यामुळे तोटाही नसतो. तिथे भाव आणि सीमांत प्राप्ती सारखीच, शंभर. पुढे प्रत्येक पावलाला दोघींमधलं अंतर वाढत जातं, आणि ते अंतर किती, तर विकलेल्या लिटरांइतकेच फ्रँक. मागणीचं सूत्र P = 100 − Q असेल तर सीमांत प्राप्तीचं सूत्र MR = 100 − 2Q.

बारकाईने वाचणाऱ्याला इथे एक खटका लागेल. या सूत्रात १० लिटर घातले तर ८० मिळतात आणि ११ घातले तर ७८, पण आपल्या हिशोबात आले ७९. सूत्र चुकलेलं नाही आणि हिशोबही चुकलेला नाही. आपण मोजलेले ७९ हे दहा ते अकरा या पूर्ण पावलाचे आहेत, म्हणून ते त्या पावलाच्या मधोमध, साडेदहावर बसतात. सूत्रात साडेदहा घाला, बरोबर ७९ येतात. वहीत कोष्टक करून आकृती काढणारे हा आकडा अकराच्या डोक्यावर मांडतात, मग रेषा थोडी सरकते आणि शंभरावर जाऊन मिळत नाही. आकडे पावलाच्या मध्यावर मांडले की सगळे ठिपके रेषेवर येतात.

दुपटीचं आणखी एक स्पष्टीकरण आहे, आणि मला स्वतःला ते जास्त सुंदर वाटतं. भाव म्हणजे काय? एकूण उत्पन्न भागिले एकूण लिटर, म्हणजे दर लिटरची सरासरी कमाई. आणि एकूण उत्पन्न म्हणजे पहिल्या थेंबापासून पडत आलेल्या सगळ्या भरींची बेरीज. म्हणजे भाव ही सीमांत प्राप्तीची सरासरी झाली. फलंदाजाची सरासरी खाली येते तेव्हा त्याचा ताजा डाव सरासरीपेक्षा कमी धावांचा असतोच. तसंच इथे. भाव पडतोय याचा अर्थ ताज्या लिटरची भर भावापेक्षा कमीच असली पाहिजे. खाली असण्याचं कारण पुन्हा मिळालं, आणि या वाटेने दुपटीचंही मिळतं. सरळ रेषेत उतरत जाणाऱ्या आकड्यांची सरासरी त्यांच्या मधल्या आकड्याइतकी असते. ४० लिटरपर्यंतच्या सगळ्या भरींची सरासरी म्हणजे २०व्या लिटरजवळची भर. ४० लिटरला भाव ६० आहे, आणि सीमांत प्राप्ती ६० असते ती २० लिटरला. जी उंची गाठायला मागणीच्या रेषेला चाळीस पावलं लागली, ती सीमांत प्राप्तीने निम्म्या वाटेवरच गाठलेली असते. निम्म्या अंतरात तेवढंच उतरायचं, म्हणजे उतार दुप्पट झाला.

आकृतीत हे डोळ्यांनी दिसतं. भावाच्या उभ्या अक्षावर ६० पासून एक आडवी रेघ मागणीच्या रेषेपर्यंत ओढा. ती ४० लिटरपाशी मागणीला भिडते, आणि वाटेत २० लिटरपाशी सीमांत प्राप्तीची रेषा तिचे बरोबर दोन भाग करते. आडव्या रेघेच्या डावीकडे वर एक त्रिकोण उरतो, वीस रुंद आणि चाळीस उंच. उजवीकडे खाली एक त्रिकोण तयार होतो, तोही वीस रुंद आणि चाळीस उंच. पहिला उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला की साठ गुणिले चाळीसचा आयत पुरा होतो. तो आयत म्हणजे २४०० फ्रँकचं उत्पन्न.

ही भूमिती अर्थशास्त्राच्या वर्गात रुजवली ती केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी. कुर्नो यांनी सगळं बीजगणितात मांडलं होतं, आणि सीमांत प्राप्तीला वेगळं नाव दिलं नव्हतं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९३०च्या आगेमागे, ही रेषा अनेकांना एकाच वेळी नव्याने सापडली. ऑक्सफर्डच्या रॉय हॅरड यांनी तिच्यावरचा लेख १९२८ साली केन्स यांच्याकडे पाठवला. केन्स यांनी तो फ्रँक रॅम्झी या विलक्षण बुद्धीच्या तरुण गणितज्ञाला दाखवला, त्याने आक्षेप घेतले, आणि लेख छापून यायला १९३० उजाडलं. केंब्रिजमध्ये गिफर्ड नावाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या निबंधात हीच रेषा काढली होती. १९३३ साली जोन रॉबिन्सन यांचं अपूर्ण स्पर्धेवरचं पुस्तक आलं आणि त्यात ही रेषा सगळ्या विवेचनाचा कणा झाली. मराठी वाचकाला त्यांच्याशी जोडणारा एक धागाही आहे. १९२६ साली लग्न झाल्यावर त्या पती ऑस्टिन रॉबिन्सन यांच्याबरोबर ग्वाल्हेरला आल्या होत्या. शिंदे घराण्याच्या बालवयातल्या महाराजांना शिकवायची नोकरी ऑस्टिन यांच्याकडे होती. केंब्रिजला परतल्यावर काही वर्षांतच त्यांनी ते पुस्तक लिहिलं.

आता मालक कुठे थांबेल ते पाहू. खर्च नसेल तोवर एकेक लिटर वाढवण्यात फायदा आहे, जोवर भर शून्याच्या वर आहे. ४९ लिटरांचं उत्पन्न २४९९ फ्रँक, ५० चं २५००, ५१ चं पुन्हा २४९९. म्हणजे तो पन्नासवर थांबतो आणि भाव ५० ठेवतो. ५१व्या लिटरला ४९ फ्रँक द्यायला माणूस तयार उभा आहे, झऱ्यात पाणी वाहतं आहे, ते काढायला दमडीचा खर्च नाही, तरीही मालक ते विकत नाही. एकोणपन्नास येतील पण जुन्या पन्नास लिटरांवर पन्नास जातील. सीमांत प्राप्तीची रेषा जमिनीला टेकते ती मागणीच्या रेषेच्या निम्म्या अंतरावर, आणि त्यापुढचं सगळं पाणी वाहून जातं. फुकट येणाऱ्या पाण्यासाठी लोकांनी पन्नास फ्रँक मोजावेत आणि निम्मी तहान तशीच राहावी, हा मक्तेदारीचा खरा तोटा आहे, आणि तो या दुप्पट उतारातून निघतो. मालक लबाड असण्याची गरज नाही. सरळ हिशोबी असला तरी हेच होतं.

पाणी भरायला बाटली, बूच, मजुरी धरून लिटरमागे २० फ्रँक खर्च आला असं समजू. मग वाढीव लिटरने निदान वीस फ्रँकची भर टाकली पाहिजे. शंभरातून लिटरांची दुप्पट वजा केली की वीस उरतात ते ४० लिटरांपाशी. भाव ६०, लिटरमागे नफा ४०, एकूण नफा १६०० फ्रँक. पडताळा घ्यायचा तर शेजारचे आकडे पाहा. ३९ लिटर विकले तर नफा ३९ गुणिले ४१, म्हणजे १५९९. ४१ विकले तर ४१ गुणिले ३९, तेवढाच. अनेक झरे आणि अनेक मालक असते, तर चढाओढीने भाव खर्चापर्यंत म्हणजे वीसवर आला असता आणि ८० लिटर खपले असते. मक्तेदार विकतो बरोबर त्याच्या निम्मे. मागणी सरळ रेषेची असेल आणि दर लिटरचा खर्च कायम असेल, तर हे निम्मं प्रमाण नेहमीच येतं.

कुर्नो यांनी याच झऱ्याच्या मालकावर कर बसवला तर काय होईल, याचाही हिशोब पुढे केला आहे. समजा सरकारने लिटरमागे दहा फ्रँक कर लावला. सगळ्यांना वाटतं, मक्तेदार आहे, भाव दहाने चढवून मोकळा होईल. तसं होत नाही. त्याचा खर्च आता वीसऐवजी तीस झाला, म्हणून त्याची सीमांत प्राप्ती दहाने वर गेली पाहिजे. ही रेषा दर लिटरला दोन फ्रँक चढते, तेव्हा पाच लिटर कमी केले की काम भागलं. पण पाच लिटर कमी केल्यावर मागणीच्या रेषेवर भाव चढतो फक्त पाच फ्रँकने. नवा खप ३५ लिटर, नवा भाव ६५. दहा फ्रँकच्या करातला निम्मा गिऱ्हाइकावर पडला, निम्मा मालकाने सोसला. भाव दहाने वाढवून ७० केला असता तर ३० लिटर खपून १२०० फ्रँक नफा राहिला असता. ६५ ठेवल्याने १२२५ राहतो. उलट चढाओढीच्या बाजारात, जिथे भाव आधीच खर्चाला टेकलेला असतो, तिथे हाच कर पुरा दहाने भावात उतरला असता.

आकडेमोडीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मागणी उलट्या अंगाने दिलेली असते तेव्हा. समजा सांगितलं, की खप म्हणजे दोनशे वजा भावाची चौपट, Q = 200 − 4P. घाईत विद्यार्थी चारचे आठ करतो आणि सुटलो म्हणतो. पण दुप्पट करायचा असतो तो खपाबरोबर भाव उतरण्याचा वेग. भावाबरोबर खप वाढण्याचा वेग दुप्पट केला तर रेषा उलट चपटी होते. आधी भाव एका बाजूला आणला पाहिजे, P = 50 − Q/4, आणि मग उतार दुप्पट, MR = 50 − Q/2. चूक ओळखायची खूण सोपी आहे. चारचे आठ केले तर रेषा भावाच्या अक्षावर पन्नासऐवजी पंचवीसपासून निघते. दोन्ही रेषा वर एकाच बिंदूला मिळत नसतील, किंवा खाली सीमांत प्राप्ती निम्म्या अंतरावर टेकत नसेल, तर आकृती चुकली आहे.

सरळ रेषा सोडली की दुपटीचा नियम सुटतो. खाली असण्याचा मात्र सुटत नाही. एकच भाव सगळ्यांना लावायचा असेल आणि मागणी उतरती असेल, तर भर भावापेक्षा कमीच राहणार. पण किती कमी आणि किती उताराची, हे मागणीच्या आकारावर ठरतं. एक मागणी अशी घ्या, की भाव निम्मा केला की खप चौपट होतो, मग भाव कुठलाही असो. इथे हिशोब केला तर सीमांत प्राप्ती प्रत्येक ठिकाणी भावाच्या निम्मी येते. म्हणजे तिचा उतार मागणीच्या दुप्पट नव्हे, उलट निम्मा असतो. कारण असं, की इथे भाव उतरण्याची गती खप वाढेल तशी मंदावत जाते. जुने लिटर वाढतात खरे, पण प्रत्येक जुन्या लिटरवरचा तोटा कमी कमी होतो. आणि कराचं उत्तरही पार उलटतं. सीमांत प्राप्ती खर्चाइतकी व्हायची, तर भाव खर्चाच्या दुप्पट हवा. खर्च वीस असताना भाव चाळीस, आणि तीस झाला की साठ. दहा फ्रँकचा कर, भाव चढला वीसने. सरळ रेषेच्या मागणीत मालकाने निम्मा कर पदरात घेतला होता, इथे तो गिऱ्हाइकाकडून कराच्या दुप्पट वसूल करतो. मक्तेदारावर कर लावला तर कोण भरेल, या प्रश्नाला मागणीचा आकार पाहिल्याशिवाय उत्तर नाही. सरळ रेषा आपण सोयीसाठी काढतो. खऱ्या बाजारातली मागणी थोड्या अंतरात सरळ मानता येते, संपूर्ण लांबीवर नाही.

आणि सगळ्यांना एकच भाव, ही अटही प्रत्येक वेळी पाळली जात नाही. झऱ्याच्या मालकाला प्रत्येकाची ऐपत कळली आणि प्रत्येकाकडून वेगळा भाव घेता आला, तर नव्या गिऱ्हाइकासाठी जुन्यांचा भाव उतरवायची गरजच उरत नाही. तोट्याचा तो दुसरा भाग नाहीसा होतो, दोन्ही रेषा एकमेकींवर येऊन बसतात, आणि मालक ५१वा लिटर काय, शेवटचा थेंबही विकतो. पाणी वाया जात नाही, फक्त त्यातून होणारा सगळा लाभ मालकाकडे जातो.

हे करायला गिऱ्हाइकं वेगळी ओळखता आली पाहिजेत, आणि स्वस्तात घेणाऱ्याने महागात घेणाऱ्याला ते पाणी परत विकता कामा नये. बाटलीतल्या पाण्याच्या बाबतीत दुसरी अट पाळणं अवघड. रेल्वेच्या प्रवासाच्या बाबतीत सोपं, कारण आपला प्रवास दुसऱ्याला विकता येत नाही. कुर्नो यांच्याच काळातले फ्रेंच अभियंते ज्यूल द्युप्वी यांनी १८४९ साली पूल आणि रेल्वेच्या दरांवर लिहिताना ही गोष्ट नेमकी पकडली. त्या वेळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे, बाकं लाकडी असत. छप्पर घालायला कंपनीला फार खर्च आला असता असं नाही, हे द्युप्वी यांनी दाखवून दिलं. गरिबांना छळण्याचाही हेतू नव्हता. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्याला परवडतं, त्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून तो डबा उघडा ठेवलेला होता. स्वस्त तिकीट काढून नवा प्रवासी आणायचा, पण जुन्या प्रवाशाचं भाडं एका सांतीमनेही उतरू द्यायचं नाही, यासाठी कंपनी तिसऱ्या वर्गातल्या माणसाला पावसात भिजू देत होती.